पिवळ्या फुलपाखरांची यादी: ठिपके मोजतानाच्या नोंदी

3 ऑगस्ट 2024

गावाच्या जैवविविधता नोंदवहीसाठी फुलपाखरांची यादी करायचं काम जूनपासून चालू आहे. आंबोली घाटाखालचं आमचं गाव, त्यामुळे पावसाळ्यात फुलपाखरांना तोटा नाही. शाळेतली मुलं, दोन शिक्षक आणि वाडीतली काही मंडळी मोबाइलवर फोटो काढतात आणि मला पाठवतात. नाव लावायचं काम माझ्याकडे.

आज लहान पिवळ्या फुलपाखरांच्या फोटोंची थैली उघडली. ग्रास यलो, म्हणजे युरेमा या वंशातली. गवताच्या कडेने जमिनीलगत फडफडत जाणारी, लिंबाच्या सालीसारखी पिवळी फुलपाखरं सगळ्यांनी पाहिलेली असतात. फोटो निघाले 143. त्यातल्या 131 फोटोंपुढे मी जूनमध्येच ‘कॉमन ग्रास यलो’ (युरेमा हेकाबे) लिहून टाकलं होतं. 3 फोटोंपुढे ‘थ्री-स्पॉट ग्रास यलो’ (युरेमा ब्लँडा) आणि 9 ‘इतर’.

वनस्पतिशास्त्राच्या मॅडम यादी चाळायला आल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, “हे एकशे एकतीस कशावरून?” मी म्हटलं, पुढच्या पंखावरच्या सेलमध्ये दोन ठिपके. त्यांनी सहज एक फोटो मोठा केला. त्यात एकही ठिपका दिसत नव्हता. पुढचा उघडला, त्यात एक दिसत होता. तिसऱ्यात दोन होते, पण पंखाचं मूळ मागच्या पंखाखाली गेलेलं. त्या काही बोलल्या नाहीत. मला मात्र कळलं की मी ठिपके मोजलेच नव्हते. पिवळं दिसलं की हात आपोआप ‘कॉमन’ लिहीत होता, कारण ते कॉमन आहे.

म्हणून 143 फोटो पुन्हा पहिल्यापासून बघायचे ठरवले. ही नोंद त्यासाठी.

4 ऑगस्ट

आधी नेमकं काय मोजायचं ते कागदावर काढून घेतलं, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो.

ग्रास यलो बसलं की पंख मिटून बसतं. म्हणजे आपल्याला दिसते ती पंखांची खालची बाजू. पुढच्या पंखाच्या मुळापासून मधोमध एक लांबट जागा असते, चारी बाजूंनी शिरांनी बंदिस्त. तिला सेल म्हणतात. या सेलच्या आत हेकाबेला साधारण दोन बारीक तपकिरी खुणा असतात आणि ब्लँडाला तीन. इंग्रजी नावातलं ‘थ्री-स्पॉट’ ते हेच. ज्यांच्या सेलमध्ये ठिपकेच नसतात असे भाऊबंदही आपल्याकडे आहेत, स्मॉल आणि स्पॉटलेस ग्रास यलो. पण आज तो विषय बाजूला ठेवतो.

गोम अशी की सेल जिथे संपतो त्या टोकाला आणखी एक खूण असते, राजम्याच्या दाण्यासारखी वाकडी. ती दोघांनाही असते आणि मोजायची नसते. जूनमध्ये मी ज्या 3 फोटोंना ब्लँडा म्हटलं होतं त्यातल्या एकात मी हीच टोकाची खूण धरून तीन मोजले होते. म्हणजे आतले दोनच. एका चुकीने हेकाबेचा ब्लँडा झाला होता.

आता मोजताना उलटं जातो. आधी टोकाची वाकडी खूण शोधतो. ती एकदा हाताशी आली की सेलचा शेवट कुठे ते पक्कं होतं, मग तिथून पंखाच्या मुळाकडे सरकत आतल्या खुणा मोजतो. हा क्रम लावल्यापासून चूक झालेली नाही.

5 ऑगस्ट

आज 40 फोटो पाहिले. डोळे शिणले, पण एक गोष्ट चांगलीच लक्षात आली.

फुलपाखरू निवांत बसलं की पुढचा पंख मागे सरकून मागच्या पंखाच्या आडोशाला जातो. चादरीची घडी घालावी तसा. मग सेलचा मुळाकडचा भाग झाकला जातो. फोटोत दोन ठिपके स्वच्छ दिसतात आणि बघणारा समाधानाने ‘दोन, म्हणजे हेकाबे’ म्हणतो. तिसरा असलाच तर तो झाकलेल्या भागात असू शकतो. नुकतंच बसलेलं किंवा फुलावर मध पिणारं फुलपाखरू पंख जरा वर उचलून धरतं, तेव्हा सेल मुळापर्यंत दिसतो.

म्हणजे दोन्ही बाजूंचा पुरावा सारखा नाही. तीन ठिपके दिसले तर ते आहेतच, मग बाकीचा पंख झाकलेला का असेना. दोन दिसले तर मात्र पहिला प्रश्न हा की तिसऱ्याची जागा दिसते का? ती दिसत नसेल तर ‘दोन दिसले’ आणि ‘दोनच आहेत’ या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. माझे जवळजवळ सगळे 131 या फटीतून आत आले होते.

वहीत फोटोपुढे आता आधी एकच गोष्ट लिहितो: सेल मुळापर्यंत दिसतो का? हो, नाही, अर्धवट. ठिपक्यांची संख्या त्यानंतर. नाव सगळ्यात शेवटी, आणि तेही दुसऱ्या दिवशी. नाव आधी डोक्यात आलं की डोळा ठिपका शोधत नाही, नावाला आधार शोधतो.

7 ऑगस्ट

फोटो क्रमांक 117. नववीतल्या मुलीने वाकेरीच्या वेलीजवळ काढलेला. हा जरा सविस्तर लिहितो, कारण पुढे याच्यावरूनच बरंच काही झालं.

फुलपाखरू पानावर बसलंय, डावी बाजू आपल्याकडे. पुढच्या पंखाच्या टोकाजवळ गंजल्यासारखा डाग नाही. तो डाग बहुतेक कोरड्या दिवसांतल्या फुलपाखरांना येतो, आत्ता पावसाळा आहे, म्हणजे त्यातून काही कळत नाही. सेलच्या टोकाची वाकडी खूण दिसते. तिच्या आत एक ठिपका स्वच्छ. दुसरा पुसट. त्याच्या पलीकडे मागच्या पंखाची कड आडवी येते आणि कडेला अगदी लागून काहीतरी काळपट आहे. ठिपका? की पंखाची सावली?

मोठं करून पाहिलं तर चौकटी चौकटी दिसायला लागल्या. फोटो व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला, त्यामुळे आकसलेला. मोजून पाहिलं: पुढचा पंख मुळापासून टोकापर्यंत चित्रात सुमारे 200 पिक्सेल. खरा पंख सव्वादोन सेंटिमीटर धरला तर एका मिलिमीटरला नऊ पिक्सेल आले. ठिपका अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा, म्हणजे पाच ते सात पिक्सेलचा. जेपीईजी मात्र चित्र आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकोनांत दाबतं. ठिपका दाबायच्या एका चौकोनाहून लहान! पुसट ठिपका त्यात विरघळून जाणार, आणि नसलेला काळपटपणा कडेला उमटणार. म्हणजे जिथे निर्णय अडतोय तिथेच चित्र सगळ्यात कमी भरवशाचं आहे.

मुलीला निरोप पाठवला की मूळ फोटो व्हॉट्सॲपमध्येच, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव. तसा पाठवला की तो आकसत नाही.

8 ऑगस्ट

117 चा मूळ फोटो आला. आता पंख 600 पिक्सेलचा. दुसरा ठिपका पक्का झाला. कडेच्या काळपट भागाचं कोडं मात्र सुटलं नाही, कारण तिथे पिवळा रंग ‘फुटला’ आहे. उन्हात पिवळ्या पंखाचा फोटो काढताना कॅमेरा आजूबाजूच्या गडद हिरव्याला बघून उजेड वाढवतो आणि पंखाचा पिवळा पांढुरका होतो. बारीक ठिपके त्यात धुतले जातात.

फोटो संपादनाच्या ॲपमध्ये रंगाच्या थरांत वेगवेगळं पाहिलं. पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा, त्यामुळे तपकिरी ठिपका लाल आणि हिरव्या थरात उठून दिसतो. निळ्या थरात पंख आणि ठिपका दोन्ही काळे, काही कळत नाही. 117 चा लाल थर त्या कोपऱ्यात पूर्ण पांढरा. माहिती शिल्लकच नाही. कितीही सरकपट्ट्या हलवल्या तरी जे नोंदलंच गेलं नाही ते परत येणार नाही.

मुलांना आता सांगितलंय: पिवळं फुलपाखरू दिसलं की मोबाइलवर पंखावर बोट दाबून धरायचं आणि उजेडाचं चिन्ह थोडं खाली ओढायचं. फोटो अंधारा वाटला तरी चालेल. आणि पंख वर उचलेपर्यंत थांबून चार-पाच फोटो घ्यायचे.

11 ऑगस्ट

आज पाऊस उघडला म्हणून मुलीसोबत 117 च्या जागेवर गेलो. तिचे बाबा पण आले. वाकेरीची वेल करवंदीच्या जाळीवर चढलेली, काटे असे की शर्ट अडकला तर सोडवताना फाटतोच. मुलगी वेलीच्या कोवळ्या शेंड्याकडे बोट दाखवून म्हणाली, “काका, हे तांदूळ कोणी चिकटवले?”

पानांवर आणि देठावर उभी अंडी. पांढुरकी, दोन्ही टोकांना निमुळती, चातीसारखी. एकाला एक लागून. मोजली तर 34.

मी तिथेच खाली बसलो. हेकाबे सहसा एकेक अंडं सुटं घालतं. एक पान, एक अंडं, पुढे. ब्लँडा पुंजक्याने घालतं आणि त्याच्या अळ्या घोळक्याने राहतात. फोटोतल्या फुलपाखराबद्दल यातून थेट काही सिद्ध होत नाही. 117 मधलं फुलपाखरू याच वेलीजवळ बसलं होतं, ते याच अंड्यांची आई असेल असं म्हणायला काही आधार नाही. पण या जागेवर ब्लँडा आहे का, याचं उत्तर मात्र या 34 अंड्यांतून मिळणार.

10 अंडी असलेली एक डहाळी घेतली. बाकीची तिथेच ठेवली.

14 ऑगस्ट

अळ्या बाहेर आल्या. शाळेच्या प्रयोगशाळेत जाळीच्या झाकणाची बरणी, आत वाकेरीची कोवळी पानं, देठ ओल्या कापसात. पानं रोज बदलायची, नाहीतर विष्ठेला बुरशी येते. पाळी मुलांनी लावून घेतली.

19 ऑगस्ट

हेकाबेच्या अळ्यांसाठी टाकळ्यावर शोध घेतला. रस्त्याच्या कडेला टाकळा गुडघ्याएवढा माजलाय. तासाभरात तीन हिरव्या अळ्या सापडल्या, तिन्ही वेगवेगळ्या झुडपांवर, एकेकट्या. डोकं अंगासारखंच हिरवं. या हेकाबेच्या असाव्यात असं धरून दुसऱ्या बरणीत ठेवल्या. ‘धरून’ हा शब्द मुद्दाम लिहितोय. खात्री फुलपाखरू निघाल्यावर.

23 ऑगस्ट

वाकेरीच्या बरणीतल्या अळ्या मोठ्या झाल्या. अंग पिवळसर हिरवं आणि डोकं काळं कुळकुळीत. भिंगाशिवायही दिसतं. एकाच पानाच्या कडेला सात जणी ओळीने बसून खातायत. शेजारच्या बरणीत टाकळ्याची अळी एकटी, हिरव्या डोक्याची, देठावर अशी चिकटलेली की शोधावी लागते.

ज्या दोन फुलपाखरांसाठी मी पिक्सेल मोजत बसलो होतो, त्यांची पोरं एका नजरेत वेगळी ओळखू येतात. मुलं तर आता लांबूनच सांगतात, “ही काळ्या डोक्याची, ती हिरव्या डोक्याची.”

28 ऑगस्ट

वाकेरीच्या 10 पैकी 8 अळ्यांचे कोष झाले, एकाच काडीला जवळजवळ टांगलेले. एक अळी मेली. दहावीच्या अंगातून परजीवी माशीची अळी बाहेर पडली, म्हणजे अंडी आणून ठेवली तरी पानांबरोबर माशीची अंडी आत आलीच असणार. टाकळ्याच्या तिन्हींचे कोष काल-आज झाले.

4 सप्टेंबर

परवापासून आजपर्यंत आठही ब्लँडा निघाले, आणि टाकळ्याचे तीन. गणपती 7 तारखेला, घरोघरी माटवीचं सामान आणायला माणसं रानात जातायत, आणि आम्ही पाच जण शाळेच्या व्हरांड्यात जाळीच्या पेटीसमोर मोबाइल धरून बसलोय.

प्रत्येक फुलपाखराने पंख पूर्ण उचलले तेव्हा सेल मुळापर्यंत पाहून घेतला. वाकेरीच्या आठही जणांना आतल्या तीन खुणा. टाकळ्याच्या तिघांना दोन. म्हणजे अंडी, अळ्या आणि पंख, तिन्हींचं उत्तर एकच आलं.

आणि आता खरी परीक्षा घेता आली. कोण काय आहे हे पक्कं ठाऊक असलेल्या फुलपाखरांचे, मुलं रानात काढतात तसेच साधे फोटो काढायचे. ब्लँडाचे प्रत्येकी पाच, एकूण 40. हेकाबेचेही तसेच, 15. मग मॅडमनी फोटोंची नावं लपवून ते मिसळले आणि मी फक्त चित्र बघून ठिपके लिहिले.

40 पैकी 11 फोटोंत तीन ठिपके दिसले. 21 फोटोंत दोनच दिसले. 8 फोटोंत एक किंवा एकही नाही.

ते 21 मी जूनमध्ये डोळे झाकून ‘कॉमन ग्रास यलो’ लिहिले असते. निम्म्याहून जास्त. प्रत्येक जण माझ्यासमोर अंड्यातून वाढलेला ब्लँडा, आणि कागदावर हेकाबे! त्या 21 पैकी 17 मध्ये सेलचा मुळाकडचा भाग झाकलेला होता. राहिलेल्या 4 मध्ये सेल उघडा होता, पण दोन फोटोंत पिवळा फुटलेला आणि दोघांत तिसरी खूण खरोखरच फार पुसट, भिंगातून दिसेल अशी. या शेवटच्या दोन फोटोंनी मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं. म्हणजे सेल पूर्ण दिसतोय आणि दोन दिसतात, तेव्हाही शंभर टक्के म्हणता येत नाही. खूप जास्त शक्यता, एवढंच.

हेकाबेच्या 15 फोटोंत मी एकदाही आतल्या तीन खुणा लिहिल्या नाहीत. एका फोटोत टोकाची खूण मोजायला निघालो होतो, पण क्रम आठवला आणि थांबलो. म्हणजे तीन दिसले की ब्लँडा, हे आमच्या छोट्या परीक्षेत टिकलं. दोन दिसले की हेकाबे, हे टिकलं नाही.

संध्याकाळी आठही जण वाकेरीजवळ सोडले, तिघं टाकळ्याजवळ.

15 सप्टेंबर

गणपतीची धावपळ संपली, पुन्हा यादी. आता प्रश्न असा की अनिश्चितता लिहायची कशी? ‘बहुतेक हेकाबे’, ‘हेकाबे?’, ‘हेकाबे असावं’ असं प्रत्येकाने मनाला येईल तसं लिहिलं तर दोन वर्षांनी यादी वाचणाऱ्याला कोणाच्या ‘बहुतेक’चं वजन किती ते कळणार नाही.

मॅडम म्हणाल्या, वनस्पतींच्या नमुन्यांवर आम्ही जे लिहितो तेच वापरा. तीन तऱ्हा ठरल्या.

काहीच खूण नीट दिसत नसेल तर फक्त वंश, `Eurema sp.` असं. प्रजाती सांगत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दोन ठिपके दिसतात पण तिसऱ्याची जागा झाकलेली आहे, तेव्हा `Eurema hecabe/blanda`. यात एक दावा आहे हे विसरायचं नाही. दोन ठिपके दिसले म्हणून बिनठिपक्यांचे भाऊबंद बाद झाले, आणि उरलेल्या दोघांत मी कोणाकडेही झुकत नाही. ठिपका दिसलाच नसेल तर तिरकी रेघ मारून दोनच नावं लिहायचा मला हक्क नाही.

आणि एखाद्याकडे झुकायला काहीतरी आधार आहे पण पक्का नाही, तेव्हा `cf.` हे लॅटिन ‘तुलना करा’चं आखूड रूप. अमुक प्रजातीशी ताडून पाहा, माझा कल तिकडे आहे, पण शिक्कामोर्तब नाही. हे वापरायचं तर कल कशामुळे ते शेजारी लिहायलाच हवं. कारण नसलेलं `cf.` म्हणजे ‘मला वाटतं’ याचाच लॅटिन वेष.

जैवविविधतेच्या नोंदी ठेवायची डार्विन कोअर नावाची ठरलेली पद्धत आहे, तिच्यात यासाठी वेगळे रकानेच आहेत. आमच्या तक्त्यात ते तसेच घेतले. 117 ची ओळ आता अशी:

```
recordNumber: 117
genus: Eurema
identificationQualifier: cf. blanda
identificationRemarks: सेलमध्ये 2 खुणा स्पष्ट; 3रीच्या जागी
  काळपट भाग, पण तिथे उजेड जास्त. वाकेरीजवळ.
```

ही ओळ लिहून मी पेन खाली ठेवलं आणि दोन दिवस सोडून दिलं.

17 सप्टेंबर

117 ची ओळ बदलली. का ते लिहून ठेवतो.

`cf. blanda` म्हणताना माझ्या झुकण्याला कारणं दोन होती. एक काळपट भाग, जिथे माहितीच शिल्लक नाही हे मी स्वतः 8 ऑगस्टला लिहिलंय. दुसरं, वाकेरीची जवळीक. पण हेकाबे त्या वाटेने सगळीकडेच उडतात. जागेवरून शक्यता थोडी वाढते हे खरं, तरी फुलपाखरू त्या पानावर फक्त बसलं होतं, अंडं घालताना दिसलं नव्हतं. घालताना दिसलं असतं, एकामागोमाग एक, तर गोष्ट वेगळी होती.

मनात आणखी एक तिसरं कारण होतं, जे मी लिहिलं नव्हतं: आम्ही त्या वेलीवर ब्लँडा वाढवले, मुलीने अंडी शोधली, आणि 117 ब्लँडा निघावं असं मला फार वाटत होतं. ते लिहून काढलं तेव्हा कळलं की माझा अर्धा कल त्यातून आला होता. आता ओळीत `hecabe/blanda` आहे. वाकेरीची माहिती शेऱ्यात ठेवली आहे, ती खरी आहे आणि पुढे कोणाला उपयोगी पडेल. नावाचं वजन तिच्यावर टाकलं नाही.

29 सप्टेंबर

143 फोटोंची पुन्हा तपासणी संपली. दोन जणांनी वेगवेगळं बसून ठिपके लिहिले, मी आणि मॅडम, आणि जिथे जुळलं नाही ते फोटो तिसऱ्यांदा एकत्र पाहिले. न जुळलेले 19 होते. त्यातले बहुतेक पुसट ठिपक्याचे. एकत्र पाहूनही जे जुळेना तिथे कमी सांगणारं नाव घेतलं.

सेल मुळापर्यंत दिसतो असे 38 फोटो. त्यात 24 मध्ये दोन खुणा, 9 मध्ये तीन. 3 मध्ये एकच, 2 मध्ये एकही नाही. सेल झाकलेले किंवा अर्धवट 105, त्यातल्या 4 मध्ये तरीही तीन खुणा दिसल्या.

म्हणजे ब्लँडा 13, नक्की. हेकाबे 24, आणि त्यांच्यापुढे ‘सेल पूर्ण दिसला, दोन खुणा’ असा शेरा, कारण ते दोन पुसट ब्लँडा विसरलेलो नाही. एक खूण असलेले आणि बिनखुणेचे मिळून 5 वेगळे काढले. एक खुणेच्या तिघांपुढे `Eurema sp.` लिहिलं. हेकाबेची एखादी खूण कधी कधी पुसून जाते हे खरं, पण तेवढ्यावर नाव देणार नाही. बिनखुणेचे जे दोन, ते कोरड्या दिवसांत पंखाचा आकार बघून पुन्हा हाताळायचे. उरलेल्या 101 मध्ये 62 `hecabe/blanda`, 39 `Eurema sp.`

131 चे 24 झाले. यादी बघणाऱ्याला वाटेल की माहिती कमी झाली. पण जूनच्या यादीवरून कोणी म्हणालं असतं की आमच्या गावात थ्री-स्पॉट अगदी क्वचित, 143 मध्ये 3. नीट दिसलेल्या 38 मध्ये आता 9 आहेत, म्हणजे साधारण चारात एक. ठिपके मोजता येणारे फोटो मुद्दाम ब्लँडाचेच निघाले असं मानायला काही कारण दिसत नाही. झाकलेल्यांत तीन दिसलेले 4 मात्र या हिशेबात धरायचे नाहीत. तिथे हेकाबे मोजलाच जाऊ शकत नाही, त्यामुळे ब्लँडाचं पारडं खोटं जड होईल. हा हिशेब आधी मी चुकवला होता, मॅडमनी दाखवला.

6 ऑक्टोबर

शाळेत मुलांसमोर यादी वाचली. 117 आली तेव्हा ती मुलगी उभी राहिली. “काका, तुम्ही म्हणाला होतात ना, तिथे ब्लँडा आहे?”

“तिथे आहे. या फोटोत आहे का ते मला दिसत नाही.”

ती म्हणाली, “मग अंडी माझी लिहा.”

खरंच, ती नोंद राहूनच गेली होती. 34 अंड्यांचा पुंजका, वाकेरीच्या शेंड्यावर, 11 ऑगस्ट, 8 फुलपाखरं वाढवून ओळख पक्की. आमच्या अख्ख्या यादीतली ब्लँडाची सगळ्यात भक्कम नोंद तीच, आणि तिला फोटो क्रमांक नसल्यामुळे ती तक्त्यात गेलीच नव्हती. तिथल्या तिथे नवीन ओळ घातली, क्रमांक 144. शोधणाऱ्याच्या रकान्यात तिने स्वतःचं नाव स्वतः लिहिलं. `identificationQualifier` चा रकाना रिकामा ठेवला.

20 ऑक्टोबर

पाऊस ओसरला. आज वाटेवर टोकाजवळ गंजक्या डागाचं पहिलं ग्रास यलो दिसलं. मुलांनी सहा फोटो काढले, पंख वर उचलेपर्यंत थांबून, उजेड खाली ओढून. सहापैकी चारांत सेल मुळापर्यंत दिसतो. आत दोन खुणा. 145, हेकाबे, ‘सेल पूर्ण दिसला’.